प्रिझमचा कोन ६०° येत नाही? आधी तो कितीने चुकलाय ते बघा

बी.एस्सी.च्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत स्पेक्ट्रोमीटरच्या टेबलावर एक तक्रार दरवर्षी ठरलेली असते. कुणी म्हणतं, "सर, कोन ६०° १५′ आला, चालेल का?" कुणाचा ५९° ५१′ येतो, कुणाचा ३९°, तर एखाद्या जोडीचा थेट १२०°. यावर सहसा एकच सल्ला मिळतो: सगळं पुन्हा लेव्हल करा आणि रीडिंग परत घ्या. पोरं तासभर स्क्रू फिरवतात आणि कोन पुन्हा ६०° १५′ येतो, कारण दोष लेव्हलिंगमध्ये नव्हताच.

यंत्राला हात लावण्याआधी चुकलेल्या आकड्याकडे नीट बघावं, असं माझं मत आहे. या प्रयोगात प्रत्येक दोष आपला ठसा आकड्यावर सोडतो. चूक बरोबर १५ किंवा साडेसात मिनिटांची असेल, तर ती वर्नियर वाचण्यात आहे. प्रिझम थोडा पुढे-मागे सरकवल्यावर कोन चार-पाच मिनिटांनी बदलत असेल, तर कोलिमेटरमधून येणारा प्रकाश समांतर नाही. कोन चाळीस-पन्नास अंशांच्या घरात असेल, तर पाहिलेली प्रतिमा परावर्तनाची नव्हती. आणि दर वेळी वेगळाच आकडा येत असेल, तर कुठला तरी क्लॅम्प सैल आहे. लेव्हलिंग बिघडलं असेल तर ते आकड्यात फारसं दिसत नाही. ते दिसतं दुर्बिणीत, कारण एका बाजूची प्रतिमा वर सरकलेली असते नाहीतर गायबच असते.

पुढचं सगळं कॉलेजांत नेहमी असणारं यंत्र धरून लिहिलं आहे. मेन स्केल ० ते ३६०°, त्यावर अर्ध्या-अर्ध्या अंशाच्या रेघा, समोरासमोर दोन वर्नियर, सोडियम दिवा आणि ६०° चा काचेचा प्रिझम.

पद्धत काय मोजते

प्रिझमची जी धार मोजायची ती कोलिमेटरकडे करून ठेवतो. येणारा झोत धारेवर दुभंगतो, अर्धा डाव्या पृष्ठावरून आणि अर्धा उजव्या पृष्ठावरून परावर्तित होतो. डावं पृष्ठ झोताशी जेवढा कोन करतं त्याच्या दुप्पट कोनातून डावीकडचा प्रकाश वळतो, उजवीकडेही तसंच. दोन्ही पृष्ठांनी झोताशी केलेल्या कोनांची बेरीज म्हणजे प्रिझमचा कोन A. म्हणून दुर्बिणीच्या दोन स्थानांमधला कोन 2A येतो.

यातून दोन गोष्टी निघतात आणि पुढे दोन्ही लागणार आहेत. पहिली, धार कोलिमेटरच्या अगदी नाकासमोर असायची गरज नाही. प्रिझम दोन-चार अंश तिरका असला तरी एक बाजू कमी आणि दुसरी तेवढीच जास्त होते, बेरीज तीच राहते. दुसरी, हे सगळं झोत समांतर आहे असं धरून आहे. दोन पृष्ठांवर पडणारा प्रकाश कोलिमेटरच्या भिंगाच्या दोन वेगळ्या अर्ध्या भागांतून येतो. ते दोन भाग एकाच दिशेने प्रकाश पाठवत नसतील, तर हिशेब तिथेच चुकतो.

लीस्ट काउंट: सूत्र पाठ असतं, वर्नियर पाहिलेला नसतो

मेन स्केलचा सर्वांत लहान भाग ३० मिनिटं, वर्नियरचे भाग ३०, म्हणून लीस्ट काउंट १ मिनिट. हे जर्नलच्या पहिल्या पानावर सगळ्यांचं बरोबर असतं. पण शेजारच्या टेबलावरचं यंत्र वेगळं निघालं की तोच आकडा उतरवला जातो. काही यंत्रांवर मेन स्केलचा भाग २० मिनिटांचा आणि वर्नियरचे भाग ४० असतात, तिथे लीस्ट काउंट ३० सेकंद होतं. २० मिनिटांच्या भागावर ६० भागांचा वर्नियर असेल तर २० सेकंद. म्हणून एका अंशात मेन स्केलच्या रेघा किती ते आधी मोजा, मग वर्नियरच्या रेघा शून्यापासून शेवटपर्यंत मोजा. वर्नियरवर छापलेल्या आकड्यांवर विसंबू नका. ते बऱ्याचदा मिनिटांचे असतात, भागांचे नसतात. साठ रेघांच्या वर्नियरवर शेवटी ३० छापलेलं असू शकतं.

सूत्र लागू आहे की नाही हे ताडून पाहायलाही अर्धं मिनिट लागतं. वर्नियरचं शून्य मेन स्केलच्या एखाद्या रेघेशी तंतोतंत जुळवा आणि वर्नियरची शेवटची रेघ कुठे पडते ते बघा. तीस भागांचा वर्नियर असेल तर ती मेन स्केलच्या एकोणतिसाव्या रेघेवर पडली पाहिजे. तशी पडली तर सूत्र बिनधास्त वापरा.

रीडिंग घेताना वर्नियरच्या शून्याच्या मागची, म्हणजे लहान आकड्याच्या बाजूची, मेन स्केलची रेघ धरायची. मग वर्नियरची कितवी रेघ मेन स्केलच्या रेघेशी जुळते ते पाहून तेवढी मिनिटं मिळवायची. जुळणाऱ्या रेघेबद्दल शंका असेल तर तिच्या दोन्ही बाजूंच्या शेजारणी बघा. डावीकडची जेवढी एका बाजूला सुटलेली असेल तेवढीच उजवीकडची उलट बाजूला सुटलेली असली पाहिजे. वाचनभिंगातून तिरकं पाहिलं तर एक-दोन मिनिटं सहज इकडची तिकडे होतात, म्हणून डोळा स्केलच्या बरोबर वर आणा.

अंश-मिनिटं आणि दशांश यांची सरमिसळ हा आणखी एक जुना रोग. मेन स्केल १२४.५ आणि वर्नियर १७ असेल तर रीडिंग १२४° ४७′ होतं. वहीत मात्र १२४.५ + ०.१७ = १२४.६७ असं सापडतं. एक मिनिट म्हणजे ०.०१ अंश नव्हे, तो अंशाचा साठावा भाग आहे. शेवटपर्यंत अंश आणि मिनिटांतच राहा, वजाबाकी करताना एक अंश उसना घेतला तर त्याची साठ मिनिटं करा, आणि हा प्रश्न उरत नाही.

१५ मिनिटं आणि साडेसात मिनिटं

आता सगळ्यात जास्त भेटणारी चूक. अर्ध्या अंशाची रेघ लहान असते आणि तिच्यावर आकडा नसतो. वर्नियरचं शून्य ३३८.५ च्या पुढे असलं तरी डोळा ३३८ च्या लांब रेघेवर जातो आणि ३० मिनिटं गळतात. त्यामुळे 2A अर्ध्या अंशाने चुकतो आणि A पाव अंशाने, म्हणजे १५ मिनिटांनी. दोन्ही वर्नियरवर एकाच बाजूला ही चूक झाली तर कोन ५९° ४५′ किंवा ६०° १५′ च्या आसपास येतो. एकाच वर्नियरवर झाली तर सरासरीत ती निम्मी होते आणि A साडेसात मिनिटांनी सरकतो.

एक उदाहरण शेवटपर्यंत करून पाहू. डाव्या प्रतिमेवर पहिला वर्नियर ३८° ४२′ आणि दुसरा २१८° ४५′ दाखवतो. दुर्बीण उजव्या प्रतिमेवर नेल्यावर पहिला १५८° ४०′ आणि दुसरा ३३८° ११′ अशी वहीत नोंद आहे. पहिल्या वर्नियरचा फरक ११९° ५८′, दुसऱ्याचा ११९° २६′. सरासरी ११९° ४२′, कोन ५९° ५१′. उत्तर साठाच्या जवळ असल्यामुळे बरेच जण इथेच थांबतात.

पण एकाच वेळी घेतलेल्या दोन वर्नियरांच्या रीडिंगमधला फरक बघा. डाव्या प्रतिमेवर तो १८०° ३′ आहे, उजव्या प्रतिमेवर १७९° ३१′. दोन्ही वर्नियर एकाच तबकडीवर समोरासमोर घट्ट बसवलेले आहेत, त्यांच्यातलं अंतर अर्ध्या अंशाने बदलूच शकत नाही. म्हणजे चारपैकी एक रीडिंग चुकलं आहे, आणि ते शेवटचं आहे. वर्नियरचं शून्य ३३८.५ च्या पुढे होतं, अकरावी रेघ जुळत होती, म्हणून खरं रीडिंग ३३८° ४१′. आता दुसऱ्या वर्नियरचा फरक ११९° ५६′, सरासरी ११९° ५७′ आणि कोन ५९° ५८.५′. आधीच्या उत्तरात बरोबर साडेसात मिनिटं कमी पडली होती.

ही तपासणी प्रत्येक स्थानावर, दुर्बीण हलवायच्या आधी करायची. दोन रीडिंगांची वजाबाकी, ती १८०° च्या तीन-चार मिनिटांच्या आत आहे की नाही, एवढंच. जर्नलमध्ये यासाठी रकाना नसतो, पण समासात लिहायला कुणी अडवत नाही.

तीन-चार मिनिटं का चालतात, हेही सांगतो. स्केलच्या वर्तुळाचा मध्य आणि यंत्राचा फिरण्याचा अक्ष अगदी एका बिंदूवर कधीच नसतात. पंधरा सेंटिमीटर व्यासाच्या स्केलवर हे अंतर ०.१ मिलिमीटर असलं तरी एका वर्नियरवर साडेचार मिनिटांपर्यंत चूक येऊ शकते. समोरच्या वर्नियरवर तीच चूक उलट दिशेने येते, म्हणून दोघांच्या फरकांची सरासरी घेतली की ती जाते. दोन वर्नियर असण्याचं कारणच हे आहे. "दोन्ही सारखंच दाखवतात, एकच वाचू" असं करणाऱ्याचं उत्तर दोन-तीन मिनिटांनी चुकलं, तर त्याला कारण शोधूनही सापडणार नाही.

सरासरी फरकांची घ्यायची, हेही लक्षात असू द्या. काही जण आधी दोन वर्नियरच्या रीडिंगांची सरासरी काढतात आणि मग स्थानांचा फरक घेतात. एखादा वर्नियर मधेच ३६०° ओलांडून शून्यावरून पुढे गेला की ती सरासरी निरर्थक ठरते. ओलांडलं असेल तर नंतरच्या रीडिंगमध्ये ३६० मिळवून मग वजाबाकी करा. कोन १२०° आला म्हणून धावत येणाऱ्यांचं दुखणं नेमकं हेच असतं. ३३८° ते ९८° हा प्रवास १२०° चा आहे, वहीत मात्र २४०° लिहिलेलं असतं.

लेव्हलिंग: एक बाजू दुरुस्त केली की दुसरी बिघडते

ही तक्रार खरी आहे, आणि तिचं कारण बहुतेक वेळा प्रिझम टेबलावर कसा ठेवला यात असतं.

आधी बाकीचं पटकन. स्पिरिट लेव्हल दुर्बिणीवर ठेवा, दुर्बीण पायाच्या दोन स्क्रूंना जोडणाऱ्या रेषेला समांतर करा आणि त्या दोन स्क्रूंनी बुडबुडा मध्यावर आणा. दुर्बीण १८०° फिरवा. बुडबुडा सरकला तर निम्मी दुरुस्ती पायाच्या स्क्रूंनी आणि निम्मी दुर्बिणीच्या स्वतःच्या स्क्रूंनी करा. मग दुर्बीण काटकोनात आणून पायाच्या तिसऱ्या स्क्रूने बुडबुडा मध्यावर घ्या. त्यानंतर प्रिझम न ठेवता दुर्बीण थेट कोलिमेटरसमोर आणा. फटीची प्रतिमा आडव्या क्रॉसवायरने वर-खाली समान विभागली गेली पाहिजे. नसेल तर कोलिमेटरचे स्क्रू फिरवा. हे जमलं नसेल तोवर प्रिझम टेबलाला हात लावण्यात अर्थ नाही. फटीचा मध्य ओळखायला तिच्यावर आडवा बारीक दोरा चिकटवला तर नजरेने अंदाज बांधायला लागत नाही.

आता प्रिझम टेबल. त्याच्या तीन स्क्रूंना क, ख आणि ग म्हणू. स्पिरिट लेव्हलने टेबल ढोबळ समतल झालं की प्रिझम असा ठेवा की त्याचं एक परावर्तक पृष्ठ क-ख रेषेला काटकोनात येईल. टेबलावर कोरलेल्या समांतर रेघा यासाठीच असतात. धार टेबलाच्या मध्याजवळ, घासलेलं अपारदर्शक पृष्ठ कोलिमेटरच्या विरुद्ध बाजूला. त्या पहिल्या पृष्ठावरची प्रतिमा दुर्बिणीत घ्या आणि फक्त क किंवा ख फिरवून ती आडव्या क्रॉसवायरवर मध्यभागी आणा. मग दुर्बीण दुसऱ्या पृष्ठाकडे न्या आणि तिथली प्रतिमा फक्त ग फिरवून मध्यभागी आणा.

फक्त ग का? ग फिरवला की टेबल क-ख रेषेभोवती कलतं. पहिलं पृष्ठ या रेषेला काटकोनात आहे, म्हणून ते स्वतःच्याच प्रतलात किंचित फिरतं, त्याची दिशा बदलत नाही आणि पहिली प्रतिमा जागची हलत नाही. ही अट पाळली नाही, प्रिझम कसाही ठेवला, तर प्रत्येक स्क्रू दोन्ही पृष्ठांना कलवतो आणि इकडचं नीट केलं की तिकडचं बिघडतं. खुणा पाहून प्रिझम ठेवला तर दोन फेऱ्यांत काम होतं. तिसरी फेरी लागली, तर मी स्क्रू सोडून प्रिझमची जागा पुन्हा तपासायला सांगतो.

जागा बरोबर असूनही प्रतिमा भरकटत असेल तर प्रिझम उचलून त्याचा तळ आणि टेबल पुसा. प्रिझमच्या एका कडेखाली ०.१ मिलिमीटर जाडीचा कागदाचा कपटा किंवा तेवढा धुळीचा कण आला, तरी प्रिझम दहा-अकरा मिनिटांनी कलतो आणि प्रतिमा आडव्या तारेवरून उघड सरकते. वरून दाबणारी पट्टी तिरकी कसली असेल तरी हेच होतं. आणि लेव्हलिंग झाल्यावर प्रिझम बोटांनी फिरवू नका. फिरवायचंच असेल तर टेबलासकट फिरवा, म्हणजे स्क्रू आणि पृष्ठ यांचं नातं टिकतं.

लेव्हलिंगच्या चुकीने कोन कितीने बिघडतो? थोडक्यानेच. फट उभी असेल आणि एक प्रतिमा दुसरीपेक्षा थोडी वर असेल, तर उभी क्रॉसवायर तिला जवळजवळ त्याच ठिकाणी छेदते. फटच दोन-तीन अंश तिरकी असेल तर उंचीतला फरक आडव्या फरकात उतरतो, पण तोही मिनिटाच्या आसपास. म्हणून पंधरा मिनिटांच्या चुकीसाठी लेव्हलिंगला दोष देणाऱ्यांशी माझं पटत नाही.

प्रिझम सरकवला की कोन बदलतो

रीडिंग निर्दोष, दोन्ही प्रतिमा मध्यावर, क्लॅम्प घट्ट, आणि तरी कोन ५९° ५३′. शेजारच्या जोडीला तोच प्रिझम ५९° ५८′ देतो. इथे प्रकाशाकडे संशयाने बघायची वेळ आहे.

कोलिमेटरच्या भिंगाचं नाभीय अंतर या यंत्रांत साधारण साडेसतरा सेंटिमीटर असतं. फट नाभीपेक्षा ५ मिलिमीटर आत राहिली, तर बाहेर पडणारा झोत किंचित पसरणारा होतो, जणू फट सुमारे ६ मीटर मागे ठेवली आहे. आता प्रिझमची धार यंत्राच्या अक्षावर असेल तर नशीब बलवत्तर, चूक शून्य होते. पण धार अक्षापासून १ सेंटिमीटर कोलिमेटरकडे सरकलेली असेल, तर ६०° च्या प्रिझमसाठी कोन सुमारे ५ मिनिटांनी कमी येतो. वरच्या आकड्यांमधला फरक असा पडतो.

यावरूनच तपासणी मिळते. एकदा कोन मोजा. मग प्रिझम कोलिमेटरच्या दिशेने सुमारे १ सेंटिमीटर पुढे सरकवा, प्रतिमांची उंची पुन्हा पाहून घ्या आणि कोन परत मोजा. फरक एखाद्या मिनिटाचा असेल तर झोत समांतर आहे. धार पुढे नेल्यावर कोन कमी झाला, तर झोत पसरतोय, फट भिंगाच्या फार जवळ आहे, नळी बाहेर काढा. कोन वाढला तर झोत जवळ येतोय, नळी आत सारा.

इतकी चूक राहते कशी, प्रतिमा तर सुईसारखी बारीक दिसत होती ना? घोळ तिथेच आहे. स्पष्ट प्रतिमा म्हणजे समांतर प्रकाश नव्हे. एकाने खिडकीतून दूरच्या झाडावर दुर्बीण नीट फोकस करून ठेवलेली असते. दुसरा येतो, त्याला चष्मा असतो, त्याला क्रॉसवायर अंधुक दिसते. त्याने फक्त नेत्रिका पुढे-मागे करायची असते, पण तो दुर्बिणीची फोकसची चकती फिरवतो. मग फट अंधुक दिसते म्हणून कोलिमेटरची नळी सरकवून ती स्पष्ट करतो. आता दुर्बीण आणि कोलिमेटर दोन्ही बिघडलेले, पण एकमेकांना सांभाळून घेणारे, आणि प्रतिमा झकास.

म्हणून क्रम पाळायचा. आधी नेत्रिकेने क्रॉसवायर स्पष्ट करा. मग दुर्बीण शंभरेक मीटर किंवा त्याहून लांबच्या वस्तूवर फोकस करा आणि डोकं डावीकडे-उजवीकडे हलवून पाहा. क्रॉसवायर आणि वस्तू एकमेकांवरून सरकत नसतील तर फोकस बरोबर. यानंतर ती चकती कुणीही फिरवायची नाही. कोलिमेटरसमोर येऊन फट स्पष्ट करायची ती फक्त कोलिमेटरच्या नळीने. अंधारखोलीला खिडकीच नसेल तर शुस्टरची पद्धत वापरा. त्यात प्रिझमच्या दोन स्थानांपैकी एकात दुर्बीण आणि दुसऱ्यात कोलिमेटर फोकस करायचा असतो. दोन-तीन फेऱ्यांनंतर प्रतिमा सुधारायच्या ऐवजी जास्त फिसकटत गेली, तर दोन स्थानांची अदलाबदल झाली आहे असं समजा.

साठाच्या जवळपासही नसणारे आकडे

कोन ३९° आला तर बहुधा प्रिझमची तिन्ही पृष्ठं गुळगुळीत आहेत. काही प्रकाश एका पृष्ठातून आत शिरून मागच्या पृष्ठातून बाहेर पडतो आणि समोरच्या दिशेपासून ३९° च्या आसपास दोन्ही बाजूंना प्रतिमा देतो. हा आकडा १.५ अपवर्तनांकाच्या काचेचा आहे. जड फ्लिंट काचेत तो पन्नासच्या वर जातो. परावर्तनाची प्रतिमा मात्र ६० च्या प्रिझममध्ये समोरच्या दिशेपासून ६०° च्या आसपासच असते, काच कुठलीही असो. सोडियम दिव्यात दोन्ही पिवळ्याच दिसतात, म्हणून रंगावरून ओळखता येत नाहीत. दुर्बीण लावण्याआधी टेबलाच्या उंचीवर डोळा आणून नुसत्या नजरेने प्रतिमा शोधा, मग दुर्बीण तिथे आणा. तरी शंका राहिली तर मागच्या पृष्ठामागे काळा कागद उभा करा. त्याने जी प्रतिमा जाते ती आपली नव्हती.

प्रतिमा एका बाजूला दिसते आणि दुसऱ्या बाजूला मिळतच नाही, असं असेल तर धार मध्यापासून फार लांब आहे किंवा प्रिझम खूपच तिरका आहे. परावर्तित झोत दुर्बिणीच्या भिंगाच्या बाजूने निघून जातो. धार मध्याजवळ आणा आणि दोन्ही पृष्ठांवर प्रकाश सारखा पडतोय का ते बघा.

दर वेळी वेगळा कोन येत असेल तर डाव्या प्रतिमेचं रीडिंग घ्या, दुर्बीण उजवीकडे नेऊन परत डावीकडे आणा आणि पुन्हा वाचा. एक-दोन मिनिटांत जुळलं पाहिजे. जुळत नसेल तर दुर्बिणीबरोबर वर्नियरची तबकडी किंवा प्रिझम टेबलही ओढलं जातंय. त्यांचे क्लॅम्प कसा. सूक्ष्म सरकवण्याचा स्क्रू मुख्य क्लॅम्प कसल्याशिवाय काम करत नाही, आणि तो टोकाला पोचला असेल तर फिरवून उपयोग नाही. आधी तो मध्यावर आणून ठेवा. प्रत्येक वेळी क्रॉसवायर प्रतिमेवर एकाच बाजूने आणा, म्हणजे आट्यांमधली ढिलाई दोन्ही रीडिंगांत सारखीच राहते. दोन रीडिंगांच्या मधे फटीची रुंदी बदलू नका. बऱ्याच फटींचा एकच ओठ सरकतो, त्यामुळे रुंदी बदलली की फटीचा मध्यही सरकतो.

सगळं जुळलं, तरी ५९° ५८′ च येतोय

मग कदाचित तेच खरं असेल. प्रिझमच्या खोक्यावर ६०° लिहिलेलं असलं तरी घासताना दोन-चार मिनिटांचा फरक राहू शकतो. ओढूनताणून साठ करण्यापेक्षा दुसऱ्या रीतीने मोजून बघा. दुर्बीण कोलिमेटरशी काटकोनाच्या आसपास आणून क्लॅम्प करा आणि या वेळी प्रिझम टेबल वर्नियरसकट फिरवा. एका पृष्ठावरची प्रतिमा क्रॉसवायरवर आणून दोन्ही वर्नियर वाचा, मग टेबल फिरवून दुसऱ्या पृष्ठाची प्रतिमा तिथेच आणा आणि पुन्हा वाचा. टेबल फिरलं तो कोन 180° − A असतो. यासाठी प्रिझम टेबलाच्या मधोमध ठेवा, म्हणजे दोन्ही पृष्ठं अक्षापासून सारख्या अंतरावर राहतील. प्रतिमा थोडी मंद दिसेल, पण झोत समांतर नसल्याची चूक दोन्ही वेळा सारखीच येते आणि वजाबाकीत निघून जाते. ही रीत १२०° २′ देत असेल आणि आधीची ५९° ५८′, तर प्रिझमचा कोन ५९° ५८′ आहे, वहीत तोच लिहा. तिन्ही पृष्ठं गुळगुळीत असतील तर तिन्ही कोन मोजून बेरीज १८०° येते का तेही पाहता येईल.

एवढी मिनिटं महत्त्वाची असतात का, असं विचारलं जातंच. पुढच्या प्रयोगात हाच कोन अपवर्तनांकाच्या सूत्रात जातो. काचेचा अपवर्तनांक १.५२० असेल आणि किमान विचलन अचूक मोजलं असेल, तर कोन ६०° ऐवजी ६०° १५′ धरल्यावर उत्तर १.५१७ येतं. दोन मिनिटांच्या चुकीने मात्र फक्त चौथा दशांश हलतो. म्हणजे गाळलेल्या अर्ध्या अंशाच्या रेघेने तिसरा दशांश तीनने बिघडतो. आणि जर्नलमध्ये तीन दशांशांपर्यंत उत्तर लिहायचं असतं.